कोळशाच्या पंचवीस रेघा

सेंट्रिंगच्या धंद्यात, म्हणजे ओल्या स्लॅबखाली तात्पुरते टेकू लावायच्या आणि काढायच्या कामात, मी दहा-बारा वर्षं घालवली, आणि त्या काळात मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न एकच: "कधी काढता?" स्लॅब पडला, म्हणजे ओतून झाला, की तिसऱ्या दिवसापासून घरमालकाला घाई सुटते. चार महिने वीट-वाळूत काढलेला माणूस तीन आठवडे थांबायला तयार नसतो. ज्या घराची स्वप्नं पाहिली ते डोळ्यांसमोर उभं असतं, पण आत शिरावं तर टेकूंचं रान. वाकून जा, कपाळ फोडून घ्या आणि बाहेर या. मग मालक चिडतो, मीही चिडतो. माझा स्वभाव तसा तापटच. "घर तुमचं, पण टेकू माझे," असं मी कितीतरी जणांना तोंडावर सुनावलं आहे. हे वाक्य मला फार आवडायचं.

हिंगोली जिल्हा नुकता वेगळा झाला होता. सेनगावात मी एक टिनाचं शेड भाड्यानं घेऊन त्यात लोखंडी प्लेटा, बल्ल्या आणि फळ्या रचून ठेवल्या होत्या. बल्ली म्हणजे लाकडाचा सरळ सोट. तोच स्लॅबखाली उभा केला की टेकू. त्याच्या बुडाशी दोन लाकडी पाचरा समोरासमोर ठोकायच्या, म्हणजे टेकू वर घट्ट बसतो. काढताना त्याच पाचरा हातोड्यानं हळूहळू सैल करायच्या. सगळा धंदा या पाचरांचा. ठोकायला हमाल पुरतो, काढायला डोकं लागतं.

हे डोकं मला दिलं हिंगोलीच्या माझ्या उस्तादांनी. पांढरी दाढी, डोक्याला कायम ओला रुमाल, आणि बोलणं अर्धं दखनी, अर्धं मराठी. त्यांनी मला दिवस शिकवले. गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, बारा-पंधरा फुटांच्या आतलं असेल तर स्लॅबचे टेकू सात दिवसांनी निघतात. त्याहून मोठं असेल तर चौदा. बीम असेल तर त्याच्या खालचे टेकू चौदा दिवस हलवायचे नाहीत, आणि बीम वीस फुटांच्या वर गेला तर एकवीस. पण हा हिशेब साध्या सिमेंटचा आणि उबदार दिवसांचा. तेव्हा बाजारात राख मिसळलेलं सिमेंट येऊ लागलं होतं. ते चांगलंच असतं, पण सावकाश धरतं. त्याला आणखी आठवडाभर द्यायचा. वरून थंडी असेल तर अजून थोडं थांबायचं, कारण थंडीत सिमेंटही माणसासारखं आळसावतं.

उस्तादांचा आणखी एक नियम होता. सेंट्रिंग उघडलं की त्या खोलीतलं पहिलं जेवण सेंट्रिंगवाल्यानं करायचं. भिंतीला टेकून चालणार नाही, बरोबर मधोमध बसून. "पहले खुद बैठना, बाद में घरवालों को बिठाना," असं ते म्हणायचे. मी हा नियम कधी मोडला नाही. लोकांना वाटायचं, मिस्तरीला जेवणाची हौस आहे. हौस होतीच, ते नाकारत नाही. भाकरी-पिठल्यापासून पुरणपोळीपर्यंत मी स्लॅबखाली बसून सगळं खाल्लं आहे.

मला एकच गोष्ट जमली नाही, ती म्हणजे लिहून ठेवणं. वही घेतली होती, तिच्यात बल्ल्यांची संख्या लिहायचो. दिवस मात्र डोक्यात. तेही आमच्याकडे सगळे मोजतात तसेच, बाजारावर. पेरणीनंतर किती बाजार झाले, शेळी व्यायला किती बाजार राहिले, तसंच स्लॅब टाकून किती बाजार झाले. तीन बाजार झाले की एकवीस दिवस, असा माझ्या मनाचा पक्का हिशेब होता. त्यातलं भोक मला दिसलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात गोरेगावच्या बाजूला एका वाडीवर काम मिळालं. वाडी मेंढरं राखणाऱ्यांची. अर्धं वर्ष कळप घेऊन बाहेर, अर्धं वर्ष शेतात. घर एका मावशीचं. नवरा वारलेला, मुलगा मेंढरं घेऊन लांब गेलेला, सगळा कारभार तिच्या हातात. उंच, काटक बाई. माझ्या बल्ल्या गाडीतून उतरत असताना तिनं एकेक हातात तोलून पाहिली आणि दोन परत टाकल्या. "ह्या किडक्या हायेत," म्हणाली. मी बघितलं तर खरंच कीड लागलेली. मला रागही आला आणि हसूही आलं.

तिला एक मोठीच खोली हवी होती. सोळा फूट रुंद आणि वीस फूट लांब. मी म्हटलं, मावशी, दोन खोल्या करा, मधे भिंत येईल, स्लॅब हलका होईल. ती म्हणाली, "आमी जल्मभर पालात झोपलो, मिस्तरी. पाय पसरला की काठी लागायची. आता तरी लांब-रुंद होऊ द्या." मग भिंतीच्या जागी सोळा फुटांचा बीम घेतला. त्याच्या दोन्ही अंगाला दहा-दहा फुटांचे गाळे.

घाईचं कारण तिची लेक. पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली, आठवा संपत आलेला. मावशीचा एकच हेका होता, बाळंतीण आणि बाळ या नव्या खोलीत निजलं पाहिजे. जुनी खोली म्हणजे टिनाचा आडोसा, पत्र्याला इतकी भोकं की दिवसा आत चांदण्या दिसायच्या. पौषातली थंडी. "माझी तिन्ही लेकरं उघड्यावर जल्मली," असं तिनं मला एकदा सांगितलं, आणि दुसऱ्या क्षणी मजुरांवर ओरडायला निघून गेली. तिघांतली दोनच जगली होती, हे मला नंतर लेकीकडून कळलं.

स्लॅब पडला तो बाजाराच्या आदल्या दिवशी. दिवसभर कालवलं, घमेली फिरली. संध्याकाळी मावशीनं सगळ्यांना गूळ-खोबरं वाटलं. मी तिला बजावलं, वर मातीचे वाफे करून पाणी साठवून ठेवा, एकवीस दिवस स्लॅब कोरडा पडू द्यायचा नाही, आणि तोवर एकाही टेकूला हात लावायचा नाही. सिमेंट राखेचं होतं, हे मला माहीत होतं. थंडी तर अंगाला कळतच होती.

मग मी दुसऱ्या कामांना लागलो. कनेरगाव नाक्याला एका ढाब्याचा स्लॅब पडायचा होता. त्याचा मालक दर दोन दिवसांनी जीपवाल्याकडून निरोप पाठवायचा, प्लेटा कधी येतात. माझ्या साऱ्या प्लेटा वाडीवर अडकलेल्या.

अशात मावशी मला सेनगावच्या बाजारात भेटली. डोक्यावर टोपली, हातात बाळंतकाढ्याची पुडी.

"मिस्तरी, काहून आले न्हाई? तीन बाजार झाले की."

"झाले का तीन?"

"हा तिसरा. मोजा की तुमी."

मी मोजले. एक, दोन, हा तीन. बरोबर होते. मला प्लेटा हव्या होत्या, तिला खोली हवी होती, आणि तीन हा आकडा दोघांनाही सोयीचा होता. "उद्याच येतो," म्हणालो. ती इतकी खूश झाली की टोपलीतले चार पेरू तिनं माझ्या खिशात कोंबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि माझे दोन गडी वाडीवर पोचलो. मावशीनं आधीच अंगण शेणानं सारवून ठेवलं होतं. चुलीवर पुरण शिजत होतं, माझ्या जेवणासाठी. लेक टिनाच्या आडोशाच्या दारात पाय पसरून ऊन खात बसली होती.

कामाचा क्रम ठरलेला असतो. आधी स्लॅबखालचे टेकू, मधून सुरू करून भिंतींकडे जायचं. बीमखालचे सगळ्यात शेवटी. दोन्ही गाळ्यांचे टेकू सुरळीत निघाले. प्लेटाही चांगल्या सुटल्या. वरचा स्लॅब गुळगुळीत, कुठे मधाच्या पोळ्यासारखी भोकं नाहीत की सळई उघडी नाही. मी मनातून फुशारलो होतो. आता राहिले बीमखालचे पाच टेकू. मधल्या टेकूच्या पाचरीवर मी हातोडा घातला. दोन ठोक्यांत ती थोडी सरकली, आणि शेजारच्या टेकूचं लाकूड करकरलं.

आवाज लहानसा होता. बल्ल्या थोड्याफार करकरतातच, भार इकडचा तिकडे जातो. पण हा आवाज थांबला नाही. चार-पाच वेळा तुटक तुटक येत राहिला. मी शेजारच्या टेकूच्या पाचरीला हातोड्यानं हलकंच ठोकून पाहिलं. ती जमिनीत गाडल्यासारखी घट्ट झाली होती. दोन्ही गाळ्यांचा भार आता बीमवर आला होता, आणि बीम तो स्वतः न उचलता टेकूंवर टाकत होता. एकवीस दिवसांच्या बीमनं असं अंग टाकायला नको होतं.

"सगळे भाईर निघा," मी गड्यांना म्हटलं.

मावशी दारात आली. "काय झालं?"

"मावशी, स्लॅब टाकून किती दिवस झाले?"

"तीन बाजार."

"बाजार नको. दिवस सांगा."

मी मनातल्या मनात मोजायला लागलो आणि पुन्हा पुन्हा बाजारावरच येऊन अडकलो. तेवढ्यात आडोशातून लेकीचा आवाज आला. "दादा, रेघा हायेत की."

ती उठली, हळूहळू चालत माझ्याजवळ आली आणि नव्या घराच्या बाहेरच्या भिंतीकडे तिनं बोट केलं. विटांवर कोळशाच्या उभ्या रेघा ओढलेल्या होत्या. "तुमी एकवीस दिवस पाणी सांगितलं ना? आई वर पाणी घालते, मी रोज सांजच्याला रेघ मारते. इसरू नये म्हणून."

मी मोजल्या. पंधरा. पुन्हा मोजल्या. पंधराच.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. स्लॅब बाजाराच्या आदल्या दिवशी पडलेला. दुसऱ्याच दिवशीचा बाजार आम्ही दोघांनी पहिला धरला. म्हणजे एका दिवसाचा एक बाजार, मग सात दिवस, मग सात दिवस. तीन बाजारांत पंधरा दिवस. मावशीचं चुकलं ते एक वेळ ठीक. माझा तर तो धंदा होता.

मला दरदरून घाम फुटला. बाहेर थंडी होती आणि माझा सदरा पाठीला चिकटला. मग आत गेलो. ती मधली पाचर पुन्हा टेकेपर्यंत बसवली. रेटून वर उचलायचा मोह होतो, पण तसं करायचं नाही, कच्चा बीम उलट्या बाजूनं तडकतो. गड्यांना हाक मारून स्लॅबखालचे टेकूही परत उभे केले. प्लेटांची गरज नव्हती, पण टेकू हवेत, म्हणजे बीमवरचा भार कमी होतो. दुपारपर्यंत खोली पुन्हा पहिल्यासारखी रान होऊन बसली. बीमला खालून, दोन्ही बाजूंनी बोटानं चाचपत मी तडा शोधला. नव्हता. उस्तादांच्या अल्लाचे आणि आमच्या सगळ्या देवांचे मी एकत्रच आभार मानले.

मावशी अंगणात उभी होती.

"मावशी, अजून दहा रेघा. एकवीस, आणि वर थंडीच्या चार."

"दहा?" तिचा आवाज चिरकला. "पोरीचे दिवस भरून राहिले, मिस्तरी. तुमीच काल व्हय म्हणाले. बाजारात, चार लोकांत व्हय म्हणाले."

"चुकलं माझं."

"तुमच्या चुकीला मी पोरगी टिनात निजवू?"

एरवी माझं ते आवडतं वाक्य तोंडावर आलं असतं. त्या दिवशी आलं नाही. मी एवढंच म्हटलं, "मावशी, आज हे काढलं असतं तर कदाचित काही झालंही नसतं. मी मधोमध बसून तुमचं पुरण खाल्लं असतं आणि घरी गेलो असतो. मग तुमी पोरीला त्या बीमखाली निजवलं असतं."

ती चुलीकडे गेली आणि पुरणाचं पातेलं उतरवून ठेवलं. त्या दिवशी आम्ही उपाशी परत आलो, आणि ते आम्हाला शोभलंच.

कनेरगाव नाक्याच्या ढाबेवाल्याला मी सांगितलं की प्लेटा मिळतील, पण बल्ल्या दुसऱ्याकडून आणा. तो बराच वेळ बडबडला. मी ऐकून घेतलं. माझ्या आयुष्यात मी एवढं मुकाट्यानं ऐकलेलं ते पहिलंच.

आणि विसाव्या दिवशी लेकीला कळा सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे सेनगावच्या सरकारी दवाखान्यात ती बाळंत झाली. मुलगी. जीपवाल्यानं मला येऊन सांगितलं. म्हणाला, मावशी विचारत होती, किती रेघा राहिल्या. मी त्याच्या हाती खिळे आणि रिकाम्या पोत्यांचा गठ्ठा पाठवला, टिनाच्या भोकांना आतून मारायला. दोन दिवसांनी स्वतःच गेलो. मावशीनं अर्धीच पोती ठोकली होती, उरलेली मी ठोकली. आत शेगडी धगधगत होती. बाळंतीण गोधडीत गुरफटून होती आणि बाळाचं फक्त नाक दिसत होतं. मावशी माझ्याशी बोलली नाही. पण जाताना पाणी विचारलं.

भिंतीवरच्या रेघा थांबलेल्या नव्हत्या. लेक दवाखान्यात होती ते दोन दिवस मावशीनं ओढल्या होत्या. त्या तिरप्या होत्या, जोर लावून ओढल्यासारख्या जाड.

पाचवीची पूजा टिनाच्या आडोशातच झाली. सहाव्या दिवशी सकाळी मी गड्यांना घेऊन पोचलो. आधी भिंतीपाशी गेलो आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं मोजलं. पंचवीस. मग आत शिरलो. स्लॅबचे टेकू निघाले. बीमच्या मधल्या पाचरीवर पहिला ठोका घातला आणि हात थांबवला. कान दिला. काही नाही. दुसरा, तिसरा. टेकू सैल होऊन हातात आला, एवढा अलगद की माझा मागे झोक गेला. बाकीचे चारही तसेच सुटले. प्रत्येक टेकूनंतर मी थांबून ऐकत होतो. दोन्ही गडी माझ्याकडे बघून गालात हसत होते. हसू देत, म्हटलं.

खोली मोकळी झाली. सोळा बाय वीस फूट, एकही काठी नाही. मावशी उंबऱ्यावर उभी राहून आत बघत होती. पाय मात्र आत टाकत नव्हती.

"जेवायला वाढा," मी म्हटलं, आणि बीमच्या बरोबर खाली जाऊन मांडी घातली.

तिनं ताट आणलं. पुरणपोळी, तूप, वर आमटीची वाटी. पुरण या वेळी पुन्हा नव्यानं केलं होतं. ताट माझ्या पुढ्यात ठेवून ती बाहेर गेली. मी पहिला घास मोडला तेवढ्यात ती परत आली. तिच्या हातात दुपट्यात गुंडाळलेली नात होती. ती वाकली आणि ती पोर तिनं सरळ माझ्या मांडीवर ठेवली.

"बसा आता धरून," ती म्हणाली. "तुमी उठाल तवा मी तिला घेईन."

माझा घास हातातच राहिला. मी वर बघितलं. डोक्यावर आमच्याच प्लेटांचे ठसे उमटलेला बीम होता आणि मांडीवर सहा दिवसांचा जीव, ज्याचं वजन पाचरीएवढंही नव्हतं. इतके स्लॅब उघडले, इतकी जेवणं केली, पण उस्तादांनी मला मधोमध का बसवलं ते तेव्हा कळलं. माझे डोळे भरून आले, आणि ते मी लपवले नाहीत. आजही सांगताना लपवत नाही.

मी एका हातानं पोर धरली आणि दुसऱ्या हातानं जेवलो. मुद्दाम सावकाश जेवलो. दुसरी पोळी मागून घेतली, तिसरीही घेतली. मावशी समोर उकिडवी बसून वाढत होती, आणि मधेच कधीतरी तिनं पाय पसरले. पोर पूर्ण वेळ झोपून होती. मी हात धुवायला उठलो तेव्हा मावशीनं तिला घेतलं, पण बाहेर नेलं नाही. बीमखालीच गोधडी अंथरली आणि लेकीला हाक मारली, "ये गं आत."